सरासरीने जमीन ठरवू नका : कपाशीच्या योग्यता-अहवालांबाबत एक खुले पत्र

प्रति,
विदर्भातील गावनिहाय पीक-आराखडे आणि जमीन-योग्यतेचे अहवाल तयार करणारे कृषी अधिकारी, मृद-सर्वेक्षक, नकाशे करून देणाऱ्या संस्था व त्यांचे सल्लागार यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या हंगामात दर्यापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने त्याच्या शेताचा योग्यता-अहवाल माझ्यापुढे ठेवला. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळी, भारी जमीन. अहवालात कपाशीसाठी शंभरपैकी ८१ गुण दिले होते आणि खाली ‘अति योग्य’ असा शेरा होता. त्याचा प्रश्न साधा होता : “जमीन अति योग्य आहे, बियाणे शेजाऱ्याचेच आहे, खतही तेवढेच टाकले, मग माझी पऱ्हाटी दरवर्षी अर्ध्यावरच का थांबते?” अहवाल कोणी केला होता हे महत्त्वाचे नाही, कारण त्याच पद्धतीने केलेले अहवाल मी पुढे आणखी पाहिले. त्याला जे उत्तर दिले ते आपणा सर्वांपुढे मांडावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

जमीन एखाद्या पिकाला किती योग्य आहे हे ठरवण्याची आपण सर्वजण वापरतो ती चौकट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या असतात. एका बाजूला पिकाच्या गरजा, म्हणजे वाढीचा काळ किती दिवसांचा हवा, तापमान किती, मुळांना खोली किती, निचरा कसा, सामू किती. आणि दुसऱ्या बाजूला त्या जमिनीत व त्या हवामानात प्रत्यक्ष काय उपलब्ध आहे ते. प्रत्येक घटकाची जुळणी स्वतंत्रपणे करून त्याला अति योग्य, मध्यम योग्य, सीमांत योग्य म्हणजे जेमतेम, किंवा अयोग्य अशी श्रेणी द्यायची. इथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे : सात-आठ घटकांच्या सात-आठ श्रेण्या हातात आल्या की त्यांतून शेताची एक श्रेणी कशी काढायची? जुना आणि सरळ नियम असा की, ज्या घटकाची श्रेणी सर्वांत खालची तीच शेताची श्रेणी. खाचरातली गाडी जोडीतल्या थकलेल्या बैलाच्या चालीने चालते. दुसरा बैल कितीही उमदा असला तरी दोघांच्या चालीची सरासरी काढून गाडी घरी पोहोचत नाही.

त्या ८१ गुणांच्या अहवालात नेमकी सरासरी काढली होती. सात घटकांना दिलेले गुण असे होते : वाढीचा काळ ८५, तापमान ९५, खोली १००, पोत ८५, सामू ७०, उतार १०० आणि निचरा ३५. बेरीज ५७०, भागिले सात, म्हणजे ८१. पंचाहत्तरच्या वर अति योग्य, या नेहमीच्या मोजमापाने शेरा आला. निचऱ्याला ३५ गुण देणाऱ्या माणसाने आपले काम प्रामाणिकपणे केले होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याने पाहिलेला दोष पुढच्या ओळीतील भागाकाराने पुसून टाकला. उताराला शंभर गुण मिळाले म्हणून निचऱ्याचा दोष कमी झाला, असा त्या गणिताचा अर्थ होतो. प्रत्यक्षात भारी काळ्या जमिनीत अगदी सपाट उतार हा साचलेल्या पाण्याचा सोबती असतो. संगणकावर थरावर थर ठेवून, प्रत्येकाला भारांक देऊन जे रंगीत नकाशे तयार होतात, त्यांत हीच चूक अधिक सुबक होऊन येते, कारण भारांक म्हणजे अखेर सरासरीच.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेतात दीड मीटरचा खड्डा घेतला. त्या वर्षी पाऊस साधारणच, म्हणजे त्या भागात सातशे-आठशे मिलिमीटर पडतो तितका झाला होता. वरच्या हातभर थरातील माती मुठीत दाबली की गोळा होत होता. सत्तर सेंटीमीटरच्या खाली मात्र ढेकूळ कोरडे ठणठणीत होते. टिकावाने फोडावे लागले आणि फुटले तेव्हा त्याच्या बाजू घासून चकचकीत झालेल्या दिसल्या. पऱ्हाटीचे सोटमूळ पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास काटकोनात वळून आडवे गेले होते. अहवालात खोलीला शंभर गुण होते आणि दीड मीटर माती खरोखरच होती. पिकाने मात्र तिच्यातली अर्धी वापरलीच नव्हती.

पुढे प्रयोगशाळेतून आकडे आले. मातीच्या कणांवर धरलेल्या एकूण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम व सोडियमपैकी सोडियमचा वाटा किती, याला विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी म्हणतात. वरच्या थरात ती तीन होती, पण तीस ते नव्वद सेंटीमीटरच्या थरात सरासरी आठ निघाली. पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीतून पाणी खाली सरकण्याचा वेग पहिल्या तीस सेंटीमीटरमध्ये ताशी १४ मिलिमीटर, पुढच्या तीसमध्ये ६ आणि त्याखालच्या चाळीसमध्ये अवघा २ होता. थरांच्या जाडीप्रमाणे वरच्या एक मीटरचा वेग काढला तर ताशी सुमारे ७ मिलिमीटर येतो.

हा आकडा वाचायचा कसा, याचे उत्तर आपल्याच नागपुरात मिळते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी मध्य भारतातील अर्धकोरड्या पट्ट्यातील काळ्या जमिनी आणि त्यांवरील कपाशीचे उत्पादन यांची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोडियम पाच टक्क्यांच्या आत आणि पाणी मुरण्याचा हा वेग ताशी २० मिलिमीटर किंवा अधिक असेल, तेथे कपाशी आपल्या क्षमतेला पोहोचते. सोडियम पाचच्या वर आणि वेग १० च्या खाली गेला की उत्पादन निम्म्यावर येते. शेतकऱ्याचा ‘अर्ध्यावर’ हा शब्द आणि हा निष्कर्ष इतके तंतोतंत जुळावेत याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते ८१ या आकड्याचे.

येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. सोडियमची टक्केवारी १५ च्या वर गेली तरच जमीन चोपण म्हणायची, असे आपण सर्व शिकलो. ती मर्यादा अमेरिकेतील क्षारजमीन प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेतून आली आहे. त्यातच कपाशी हे क्षार बऱ्यापैकी सहन करणारे पीक. त्यामुळे आठ टक्के सोडियमला तक्त्यात कोणी दोष धरत नाही. पण आपल्या काळ्या मातीतील चिकणकण फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीचे आहेत आणि त्यांचे प्रमाण पन्नास-साठ टक्के असते. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते मिळताच थोड्याशा सोडियमनेही हे कण एकमेकांपासून सुटतात आणि बारीक पोकळ्यांत जाऊन बसतात. कपाशीला सोडियमचे विष होत नाही. सोडियममुळे पाण्याची वाट बुजते आणि त्याचा मार कपाशीला बसतो. म्हणून तक्त्यात सोडियमचा रकाना ‘योग्य’ दिसतो आणि निचऱ्याचा रकाना ‘सीमांत’. दोन्ही रकाने खरे असतात, फक्त त्यांतला कोणता ऐकायचा हे ठरवावे लागते.

जूनमध्ये भेगा उघड्या असतात तोवर पाणी त्यांतून धो-धो खाली जाते, म्हणून या जमिनी पहिल्या पावसात शहाण्या वाटतात. दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतरचे पाणी वरच्या वर थांबते. वाफसा आठ-दहा दिवस येत नाही, डवरणी लांबते, तण माजते, मुळे गुदमरतात, पाते गळते. आणि ऑक्टोबरात पाऊस थांबला की हेच पीक तहानते, कारण खालच्या थरात साठा झालेलाच नसतो. एकाच हंगामात अति पाणी आणि कमी पाणी ही दोन्ही लक्षणे दिसली, की मी निचऱ्याच्या रकान्याकडे पाहतो. कृषी सहायकाला वरून दिसते ती बोंडे भरण्याच्या वेळची पाण्याची ताण-अवस्था, आणि तो दोष पावसाला देतो. हवामानाचा घटक जमिनीपासून वेगळा करून गुण दिले की असेच होणार; वाढीचा काळ ८५ गुणांचा आहे हे त्या पावसाच्या आकड्याला खरे आहे, त्या शेतातल्या मुळांना नाही.

आता सरासरीला कंटाळून काही संस्था गुणाकाराकडे वळल्या आहेत, त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. १९३३ पासून चालत आलेल्या स्टोरी निर्देशांकात सर्व गुण दशांशात घेऊन गुणतात. आपल्या शेताचा गुणाकार १७ येतो, आणि पंचवीसच्या खाली म्हणजे ‘अयोग्य’. दुसऱ्या एका सूत्रात सर्वांत कमी गुण घेऊन तो बाकीच्या गुणांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणतात. त्याने २४ येतात, म्हणजे तेही अयोग्यच. एकाच शेताला एका गणिताने अति योग्य, दुसऱ्याने अयोग्य, आणि न्यूनतम घटकाच्या नियमाने सीमांत योग्य. शेतात दरवर्षी निम्मी का होईना, कपाशी येते. म्हणून मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. गुणाकार चुकतो याचे कारणही समजण्यासारखे आहे : या जमिनीत सामू चढणे आणि निचरा बिघडणे ही एकाच सोडियमची दोन रूपे आहेत. गुणाकार त्या एका दोषाची शिक्षा दोनदा देतो. न्यूनतम घटकाचा नियम दोष एकदाच मोजतो आणि त्याचे नावही सांगतो.

हे नाव सांगणेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘८१’ किंवा ‘२४’ पाहून शेतकऱ्याने काय करायचे? ‘सीमांत योग्य, कारण तीस सेंटीमीटरखालचा निचरा’ असे वाचले तर पुढचा प्रश्न आपोआप येतो : हा दोष काढता येतो का, आणि किती खर्चात? खोली किंवा तापमान यांसारखे दोष माणसाच्या हाताबाहेरचे. नत्राची कमतरता एका पोत्याने भरून निघणारी. सोडियमचा दोष या दोहोंच्या मधला आहे, म्हणून त्याचे गणित करावे लागते.

आपल्या शेतात मातीची धन-आयन धरण्याची क्षमता किलोला सुमारे ५० सेंटिमोल होती. सोडियम आठ टक्क्यांवरून तीनवर आणायचा म्हणजे किलोमागे अडीच सेंटिमोल सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवायचा. शुद्ध जिप्समच्या हिशेबाने त्याला किलो मातीमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास जिप्सम लागते. तीस ते नव्वद सेंटीमीटर हा साठ सेंटीमीटरचा थर हेक्टरी सुमारे ९,६०० टन भरतो. म्हणजे हेक्टरी वीस टनांच्या आसपास जिप्सम झाले, आणि तेही एक दाणा वाया न जाता. खर्च बाजूला ठेवू. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. वीस टन म्हणजे चौरस मीटरला दोन किलो, आणि तेवढे विरघळून खाली न्यायला सुमारे आठशे मिलिमीटर पाणी लागेल. हा तिथला पूर्ण हंगामाचा पाऊस झाला, आणि तो पाऊस खालीच जात नाही हीच तर तक्रार आहे. विहिरीचे पाणी द्यावे, तर हा खारपाणपट्टा. त्या पाण्यातच सोडियम आहे. म्हणून कागदावर ‘सुधारणीय’ असलेला हा दोष या शेतापुरता दोन-चार हंगामांत न सुटणारा आहे, असे मी स्पष्ट लिहून दिले. वरच्या थरात थोडे जिप्सम, पाणी बाहेर काढणारे चर आणि रुंद वरंबा-सरी यांनी गुदमरणे कमी होईल, वाफसा लवकर येईल. श्रेणी मात्र लगेच बदलणार नाही.

आपल्यापैकी अनेकांना प्रत्येक शेतात खड्डा घेणे आणि जलवहनाचा वेग मोजणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. माझ्या सेवेच्या काळात मलाही ते जमले नाही. पण मृदा आरोग्य पत्रिकेवरून कपाशीची योग्यता ठरवणे तरी थांबवावे. ती पत्रिका खत-शिफारशीसाठी आहे. तिचा नमुना वरच्या पंधरा सेंटीमीटरचा असतो आणि तिच्यावरील बारा घटकांत ना खोली आहे, ना पोत, ना विनिमयक्षम सोडियम. आपल्या शेताच्या वरच्या थरात सोडियम तीन टक्के आणि सामू ७.९ होता, म्हणजे पत्रिकेने काहीही चुकीचे सांगितले नसते. दोष तिच्या नजरेच्या पंधरा सेंटीमीटर खाली सुरू होत होता.

त्याऐवजी एक गोष्ट कोणताही कृषी सहायक सहज करू शकतो; वाळवण्याचा व थांबण्याचा वेळ सोडला तर काम दहा मिनिटांचे. गिरमिटाने पन्नास-साठ सेंटीमीटर खोलीवरून मातीचा हरभऱ्याएवढा खडा काढावा, सावलीत वाळवावा आणि काचेच्या पेल्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात न हलवता सोडावा. खडा फुटून तुकडे पडले, पण पाणी स्वच्छ राहिले, तर तूर्त चिंता नाही. काळी माती पाण्यात सुटतेच. पण खड्याभोवती दुधाळ, धुरकट वलय पसरू लागले आणि दोन तासांनी पेल्याचा तळ दिसेनासा झाला, तर कण सोडियममुळे सुटत आहेत आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवलाच पाहिजे. पाणी विहिरीचे घेऊ नये. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यातील क्षार कणांना धरून ठेवतात आणि चोपण मातीही त्यात स्वच्छ, सोज्वळ दिसते. ही चूक मी स्वतः एका शिवारात केली आहे आणि अहवाल परत घ्यावा लागला आहे.

न्यूनतम घटकाच्या नियमाची एक दुबळी बाजू आहे, तीही सांगतो, नाहीतर मी एकाच बाजूने बोललो असे होईल. शेवटचा निकाल एका आकड्यावर टांगलेला असतो, त्यामुळे तो आकडा चुकला तर सगळेच चुकते. सामूची मर्यादा ८.० असेल आणि यंत्राने ८.१ दाखवले, तर शेत एक पायरी खाली येते, आणि तेवढा फरक इलेक्ट्रोड नीट न धुतल्यानेही पडतो. म्हणून श्रेणी ठरवणारा घटक मर्यादेच्या जवळ असेल, तर तेवढाच एक घटक दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा मोजावा. बाकी सहांवर खर्च करण्याचे कारण नाही. दुसरे असे की, तीन-चार मध्यम दोष एकत्र आले तर पीक एका मध्यम दोषापेक्षा नक्कीच अधिक खचते आणि साधा नियम ते पाहत नाही. ज्या पद्धतीत असे दोष मोजून ठराविक संख्येपलीकडे श्रेणी एक पायरी उतरवतात, ती पद्धत मला ग्राह्य वाटते. तीतही एका गंभीर दोषाला कोणी माफ करत नाही.

आणि ही श्रेणी नेहमी एका पिकाची असते, जमिनीची नव्हे. त्याच शेतात दीडशे-एकशे ऐंशी दिवस उभ्या राहणाऱ्या कपाशीऐवजी करडईची जुळणी केली, तर तक्ता बदलतो. पेरणी पाऊस सरल्यावर होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधील साचलेल्या पाण्याचा प्रश्न गळून पडतो आणि न्यूनतम घटक निचऱ्याऐवजी साठलेली ओल हा होतो. ती ओल खरोखर किती खोल आहे, हे पेरणीआधी गज खुपसून पाहता येते. श्रेणी मध्यम येईल की सीमांत, हे त्या ओलीवर ठरेल. पण निदान शेतकऱ्याला विचारायचा प्रश्न तरी बदलेल.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, अहवालाच्या शेवटच्या रकान्यातील सरासरी किंवा भारांकित गुण काढून टाकावेत आणि तेथे पिकाचे नाव, श्रेणी, ती ठरवणारा घटक, तो कोणत्या खोलीवर आढळला आणि तो काढता येण्याजोगा आहे किंवा नाही, इतके लिहावे. दर्यापूरच्या त्या शेताचा अहवाल मी हाताने दुरुस्त करून दिला, तो असा : “कपाशी, कोरडवाहू : सीमांत योग्य. मर्यादा : निचरा, ३० ते १०० सेंमी, कारण विनिमयक्षम सोडियम सरासरी ८. पृष्ठभागावरील चर व सरी-वरंब्याने अंशतः कमी होईल. विहिरीचे पाणी देऊ नये.”

आपला नम्र,
एक निवृत्त मृद-सर्वेक्षक, अमरावती